शाळेच्या पहिल्या दिवशी प्रार्थना आणि चार मिनिटांचं मनोगत कसं घ्यावं

जूनच्या मध्यावर शाळा उघडतात (विदर्भात उन्हामुळे थोड्या उशिरा). पहिलीची पोरं आईच्या पदराला धरून फाटकात उभी असतात. एका वर्षी आमच्या शाळेत त्या दिवशी पाहुण्यांची चार भाषणं झाली. तिसऱ्या भाषणात पहिल्या रांगेतल्या पोरीने चड्डी ओली केली आणि तिची आई फाटकाबाहेरून ते बघत राहिली. त्यानंतर मी सगळा कार्यक्रम पंधरा मिनिटांत बसवला.

आधी प्रार्थना ठरवा. पसायदान सगळ्यांच्या आवडीचं, पण त्याच्या नऊ ओव्या पहिलीच्या मुलाला त्या दिवशी झेपत नाहीत. शिवाय संविधानाच्या कलम २८ प्रमाणे पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येत नाही, आणि मान्यताप्राप्त किंवा अनुदानित शाळेत उपासनेला बसण्याची सक्ती करता येत नाही. मूल अल्पवयीन असेल तर पालकांची संमती लागते. म्हणून कोणत्याही एका देवाचं नाव नसलेली, साध्या बोलीतली प्रार्थना लिहून घ्यावी. आमची अशी आहे:

नव्या वर्षाच्या पहिल्या सकाळी
आम्ही एकत्र उभे आहोत.
शिकणाऱ्याला धीर मिळो.
शिकवणाऱ्याला सबुरी मिळो.
घरी वाट पाहणाऱ्याचा
जीव निश्चिंत राहो.
मागे राहील त्याला हात मिळो.
चुकेल त्याला पुन्हा संधी मिळो.
हे वर्ष आम्ही
एकमेकांच्या स्वाधीन करतो.

एकाने ओळ म्हणायची, सगळ्यांनी मागून म्हणायची. पहिलीला वाचता येत नाही आणि पालकांना पाठ नसते, त्यामुळे दुसरा मार्ग नाही. ओळ चार-पाच शब्दांची ठेवा. सुरुवातीला मी ‘घरी वाट पाहणाऱ्याचा जीव निश्चिंत राहो’ एका दमात म्हणत होतो, आणि मागून नुसती गुणगुण यायची. तोडली तेव्हा स्पष्ट ऐकू आली. पालकांनाही फाटकाबाहेर न ठेवता मुलांच्या मागे उभं करा, म्हणजे ‘निश्चिंत राहो’ हे त्यांच्याही तोंडून जातं. शेवटच्या ओळीनंतर दहा आकडे मनात मोजेपर्यंत कोणी बोलायचं नाही.

मग मनोगत, तेही एकाच माणसाचं. आधी मुलांशी बोला, मग पालकांशी. शिक्षकांसाठी शेवटी एकच वाक्य. मुलांचं लक्ष फार वेळ टिकत नाही, म्हणून त्यांचा वाटा पहिला. पालकांना धीर द्यायचा तर ‘काळजी करू नका’ एवढं म्हणून भागत नाही. त्यांच्या मनात असतं ते पाणी, संडास, डबा आणि घरी कोणासोबत जायचं. तेच सांगा. नमुना असा:

“बाळांनो, आज पुस्तक उघडायचं नाही. आज बाई तुम्हाला शाळा दाखवतील. पाणी कुठे, संडास कुठे, वर्ग कुठला. शू लागली तर हात वर करायचा, विचारायची लाज नाही.
आईबाबांनो, पहिलीची सुट्टी आज साडेबाराला. फाटकाशी तुम्ही दिसल्याशिवाय बाई पोराला सोडणार नाहीत. दुसऱ्या कोणी न्यायचं असेल तर त्यांचं नाव आत्ताच वहीत लिहून द्या. पोराला सांगून जा, लपून जाऊ नका. लपून गेलात तर उद्या ते हात सोडणार नाही. रडणं थांबलंच नाही तर आम्ही फोन करू. फोन आला नाही तर पोर रुळलं समजा.
बाईंनो, सरांनो, आज एकाही मुलाला त्याच्या थोरल्या भावा-बहिणीच्या नावाने ओळखायचं नाही.”

हे सावकाश बोललं तरी दीड-दोन मिनिटांत होतं. उरलेल्या वेळात वेळापत्रक आणि शिक्षकांची ओळख. सरपंचांना बोलायचं असेल तर पुस्तकं त्यांच्या हातून वाटा. मान राहतो, भाषण टळतं. वेळ जास्त झाला हे ओळखायचं मुलांच्या पायांवरून: पहिल्या रांगेतली मुलं एका पायावरून दुसऱ्या पायावर झुलायला लागली की थांबायचं.

पावसाचं आधीच ठरवून ठेवा. पत्र्याच्या शेडखाली सर पडली की माईकही ऐकू येत नाही. अशा वेळी मनोगत वर्गावर्गात बाईंनीच सांगायचं, म्हणून त्याची एक-एक प्रत प्रत्येकीकडे हवी. प्रार्थना मात्र व्हरांड्यात दाटीवाटीने उभं राहून म्हणता येते. मागच्या पावसात आम्ही तशीच म्हटली, आणि एका आजोबांनी शेवटची ओळ सगळ्यांच्या नंतर, एकट्यानेच म्हटली.