गेटला पल्स नाही, तरी लोड चालू : थायरिस्टर चॉपरवर पहिल्यांदा काम करणाऱ्यांसाठी

जळगाव-धुळ्याकडच्या पॉलिटेक्निकमध्ये किंवा डिग्रीला थायरिस्टरचा डीसी चॉपर प्रोजेक्ट म्हणून घेतला, की एक तक्रार हमखास येते : "मेन थायरिस्टर बंदच होत नाही." मग सगळे कम्युटेशन कपॅसिटरच्या मागे लागतात. 4 मायक्रोफॅरडचा 5 करतात, 5 चा 10 करतात, लोड तसाच चालू. दोष बहुतेक वेळा तिथे नसतोच. थायरिस्टर बंद होत नाही हे खरं, पण तो चालू कोणी केला हे आधी पाहायला हवं. पुष्कळदा तो सप्लायचा स्विच टाकताक्षणी, गेटला पल्स मिळण्याआधीच चालू झालेला असतो.

एक ठरावीक सर्किट समोर ठेवू. मशिन लॅबचा 220 व्होल्ट डीसी सप्लाय, मेन थायरिस्टर T1 बरोबर 50 ओहमचा लोड, म्हणजे करंट 4.4 अँपिअर. शेजारी सहायक थायरिस्टर T2, त्याच्या अ‍ॅनोडला 500 ओहम. दोन्ही अ‍ॅनोडच्या मध्ये कम्युटेशन कपॅसिटर. दोन्ही थायरिस्टर BT151-650R, चॉपिंग 50 हर्ट्झवर. कपॅसिटर T1 मार्गे चार्ज होतो आणि T2 फायर केला की तोच कपॅसिटर T1 वर उलटा व्होल्टेज टाकून त्याला बंद करतो. एवढं तुम्हाला माहीत आहे असं धरतो.

थायरिस्टरच्या आतलं मधलं जंक्शन ब्लॉकिंग अवस्थेत कपॅसिटरसारखं वागतं. व्होल्टेज झपाट्याने चढला की त्यातून करंट वाहतो, आणि थायरिस्टरला तो गेट करंटच वाटतो. समजा हा कपॅसिटन्स 100 पिकोफॅरड आहे आणि व्होल्टेज मायक्रोसेकंदाला 100 व्होल्टने चढतोय, तर करंट झाला 10 मिलिअँपिअर. BT151 फायर व्हायला जास्तीत जास्त 15 मिलिअँपिअर लागतात, नेहमीचा नग तर 2 मध्येच फायर होतो. म्हणून डेटाशीटमध्ये डीव्ही-डीटीची मर्यादा दिलेली असते. या नगाला गेट मोकळा असताना ती किमान 50 व्होल्ट प्रति मायक्रोसेकंद आहे. ही संख्या जंक्शन 125 अंशावर असतानाची आहे, आणि तीच धरायची. टिपिकलच्या रकान्यातली 130 धरून डिझाइन करू नका. खान्देशातल्या मे महिन्यात लॅबच 44-45 अंशांवर असते, बंद पेटीतला हीट सिंक त्याच्या कितीतरी वर जातो, आणि थायरिस्टर तापेल तशी ही सहनशक्ती कमी होते. सकाळी नीट चालणारं सर्किट दुपारी आपोआप चालू होऊ लागलं तर या कारणाकडे आधी बघा.

आता स्विच टाकला की काय होतं ते बघा. दोन्ही थायरिस्टर बंद आहेत. दोन्ही अ‍ॅनोड एकदम 220 कडे झेपावतात. मधला कम्युटेशन कपॅसिटर कितीही मोठा असला तरी इथे उपयोगाचा नाही, कारण त्याची दोन्ही टोकं बरोबरच वर चढतात आणि त्याच्यावर व्होल्टेजच येत नाही. T1 आणि T2 दोघेही खोट्या फायरिंगने चालू झाले, की कपॅसिटरची दोन्ही टोकं जवळपास शून्यावर बसतात. तो चार्ज कधी होणारच नाही. T2 आधीच चालू असल्यामुळे त्याच्या गेटला पल्स देऊन काही घडत नाही. सप्लाय काढेपर्यंत दोघे चालूच राहतात, आणि बघणाऱ्याला वाटतं कम्युटेशन फेल झालं.

दोष नेमका कुठला हे ओळखायला फायरिंगच्या वायरी थायरिस्टरपाशीच काढा, गेट-कॅथोडमध्ये प्रयोगासाठी काही लावू नका, आणि सप्लाय शून्यापासून हळूहळू 220 पर्यंत चढवा. लोड बंद राहिला पाहिजे. मग सप्लाय 220 वर ठेवून स्विच एकदम टाका. पंधरा-वीस वेळा करा, सर्किट गरम असतानाही करा. हळू चढवल्यावर बंद आणि झटक्यात टाकल्यावर चालू, म्हणजे डीव्ही-डीटी. दोन्ही वेळा बंदच राहतो, पण फायर केल्यावर थांबत नाही, तरच कम्युटेशनकडे वळा. हळू चढवूनही चालू झाला तर नगच गेलेला आहे, बदला. दोन चाचण्यांमध्ये कपॅसिटर डिस्चार्ज करायला विसरू नका. कम्युटेशन कपॅसिटरला कायमचा 100 किलोओहम, 2 वॅटचा ब्लीडर लावा. 220 डीसीचा झटका बोटातून सुटत नाही. स्कोपच्या प्रोबचा ग्राउंड क्लिप थेट या लाइनला लावायचा नाही, डिफरन्शियल प्रोब वापरा.

आता स्नबर. इथे जो खड्डा आहे त्यात जवळपास प्रत्येक जण पडतो, म्हणून तो सावकाश सांगतो. सगळ्यांच्या वहीत "0.1 मायक्रोफॅरड आणि 100 ओहम" असं लिहिलेलं असतं. वरच्या वर्षाकडून खालच्या वर्षाकडे ते तसंच उतरतं, आणि मार्गदर्शक "स्टँडर्ड व्हॅल्यू आहे" म्हणून पुढे जातात. मला हे अजिबात पटत नाही. स्नबरची व्हॅल्यू लोडवर ठरते. लोड न विचारता व्हॅल्यू सांगणाऱ्याकडून ती घेऊ नका.

नुसता कपॅसिटर थायरिस्टरला समांतर लावला तर हिशेब सोपा आहे. चढताना लोडमधून जास्तीत जास्त 4.4 अँपिअर येणार. मर्यादा 50 ची निम्मी, म्हणजे 25 धरू.

```
C = I / (dv/dt) = 4.4 / 25 = 0.176 µF  →  0.22 µF
```

0.22 घेतला की चढण्याचा वेग 20 व्होल्ट प्रति मायक्रोसेकंद. झकास. पण हा भरलेला कपॅसिटर थायरिस्टर फायर होताच सरळ त्याच्यातून रिकामा होतो. मधे रेझिस्टन्स नाही, त्यामुळे करंट भयंकर वेगाने चढतो, आणि गेटजवळचा जो छोटासा भाग आधी चालू झालेला असतो तेवढाच भाग तो सोसतो आणि जळतो. BT151 ची डीआय-डीटी मर्यादा 50 अँपिअर प्रति मायक्रोसेकंद आहे. म्हणून कपॅसिटरला सिरीजमध्ये रेझिस्टर लावतात. 47 ओहम लावला की डिस्चार्ज 220 ÷ 47, म्हणजे 4.7 अँपिअरवर थांबतो. लोडचे 4.4 मिळवले तरी 9.1, चालण्यासारखं.

इथपर्यंत सगळे बरोबर येतात. आता तोच 47 ओहम चढत्या बाजूला काय करतो ते बघा. स्विच पडला त्या क्षणी कपॅसिटर रिकामा आहे, म्हणजे शॉर्ट. राहिला 50 ओहमचा लोड आणि 47 ओहमचा स्नबर रेझिस्टर, आणि त्यांच्यात 220 विभागला जातो. 220 × 47 ÷ 97 म्हणजे सुमारे 107 व्होल्ट थायरिस्टरवर एका झटक्यात येतात. कपॅसिटर त्यानंतरच्या चढाला आवर घालतो, पण ही पहिली उडी रेझिस्टरवरची आहे आणि ती फक्त वायरिंगच्या इंडक्टन्सने अडते. काही मायक्रोहेन्रीने तिला आवर बसत नाही. वेग मायक्रोसेकंदाला हजारो व्होल्टच्या घरात जातो. कपॅसिटर 1 मायक्रोफॅरडचा केला तरी ही उडी तेवढीच राहते, आणि म्हणूनच "स्नबर लावला तरी फायर होतोय" ही तक्रार येते.

उपाय सोपा आहे. 47 ओहमला समांतर एक फास्ट डायोड, UF4007. त्याचा अ‍ॅनोड थायरिस्टरच्या अ‍ॅनोडकडे, कॅथोड कपॅसिटरकडे. व्होल्टेज चढताना करंट डायोडमधून जातो आणि कपॅसिटर थेट थायरिस्टरवर असल्यासारखा होतो. डिस्चार्जच्या वेळी डायोड उलटा पडतो आणि करंट 47 ओहममधूनच जातो. डायोडशिवाय नुसता आर-सी स्नबर तेव्हा पुरतो जेव्हा लोडमध्ये खरोखरचा इंडक्टन्स असतो : 1 मिलिहेन्री असेल तर सुरुवातीचा वेग 47 × 220 ÷ 1000, म्हणजे 10 च्या आसपास. बहुतेक पुस्तकी सर्किटं इंडक्टिव्ह लोड धरून काढलेली असतात. लॅबमधला लोड तसा असेलच असं नाही.

कपॅसिटर पॉलिप्रॉपिलीन फिल्मचा, 630 व्होल्ट डीसीचा घ्या. थायरिस्टर, डायोड आणि कपॅसिटर यांचं वेटोळं जितकं आखूड, तितकं चांगलं. ब्रेडबोर्डवर वीतभर वायरींनी जोडलेला स्नबर नसल्यातच जमा. रेझिस्टर 5 वॅटचा सिमेंटचा चालेल. डायोड असल्यामुळे त्याचा इंडक्टन्स चढत्या बाजूला आडवा येत नाही. त्यात जळणारी ऊर्जा प्रत्येक सायकलला दोनदा धरा, एकदा फायरिंगच्या डिस्चार्जला, एकदा कम्युटेशनच्या उलट्या झटक्याला. प्रत्येकी 5.3 मिलिज्यूल, 50 हर्ट्झला मिळून अर्धा वॅट. शिवाय गेट-कॅथोडमध्ये 100 ओहम कायमचा जोडा. BT151 ची किमान मर्यादा त्यामुळे 50 वरून 200 वर जाते. त्याबदल्यात फायरिंग सर्किटला 15 मिलिअँपिअर जादा द्यावे लागतात, त्यामुळे पल्स 100 मिलिअँपिअरचा ठेवा म्हणजे काळजी नाही. T2 कडे करंट 0.44 अँपिअरच आहे, तिथे 0.022 मायक्रोफॅरड पुरतो.

कम्युटेशनचं गणित त्यामानाने साधं आहे. रेझिस्टिव्ह लोडला T1 वर उलटा व्होल्टेज 0.693 × R × C एवढा वेळ टिकतो. BT151 चा टर्न-ऑफ टाइम 70 मायक्रोसेकंद दिलेला आहे, पण तो टिपिकल आहे, म्हणून दुप्पट धरा. पंख्याचे 2.5 मायक्रोफॅरडचे, 440 व्होल्ट एसीचे दोन कपॅसिटर समांतर जोडले की 5 मायक्रोफॅरड होतात आणि वेळ मिळतो 173 मायक्रोसेकंद. कुठल्याही इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळतात, महागडा माल शोधत फिरू नका. इलेक्ट्रोलिटिक मात्र चुकूनही नाही, इथे व्होल्टेज दोन्ही दिशांना फिरतो आणि तो फुटतो. T1 बंद झाल्यावर पुन्हा चढणारा व्होल्टेज हाच 5 मायक्रोफॅरड सांभाळतो. वेग मायक्रोसेकंदाला एक व्होल्टही नसतो, तिथे स्नबरची गरज नाही. T2 मात्र छोटा घेऊ नका. त्याच्या रेझिस्टरमधून अर्धाच अँपिअर जातो हे खरं, पण फायर होताच कपॅसिटर लोडमार्गे उलट चार्ज होताना 440 ÷ 50, म्हणजे 8.8 अँपिअर त्याच्यातून जातात. कपॅसिटरला सिरीजमध्ये 10 मायक्रोहेन्रीची छोटी कॉइल टाकली की हा करंट चढण्याचा वेग 22 अँपिअर प्रति मायक्रोसेकंदच्या आत राहतो. T1 चालू ठेवण्याचा किमान काळ 7.5 मिलिसेकंद ठेवा, म्हणजे कपॅसिटर 500 ओहममधून नीट भरतो.

एक गोष्ट राहिली, आणि लॅबमध्ये ती फार छळते. लोड म्हणून लॅम्प बँक जोडू नका. 100 वॅटचे दहा दिवे तापल्यावर 50 ओहमच्या आसपास असतात, पण थंड असताना जेमतेम 4-5 ओहम. म्हणजे स्विच टाकताना करंट दहापट, स्नबरचा हिशेब मायक्रोसेकंदाला 200 व्होल्टवर जातो, आणि पहिल्या काही सायकलला कम्युटेशनचा वेळ 173 वरून 17 मायक्रोसेकंदांवर येतो. डीव्ही-डीटी आणि कम्युटेशन, दोन्ही एकदम फेल. आधी 50 ओहमच्या ऱ्हिओस्टॅटवर सगळं सिद्ध करा. मोटर लावायची असेल तर फ्रीव्हीलिंग डायोड येतो आणि वेळेचं सूत्र C × V ÷ I होतं. 4.4 अँपिअरला ते 250 मायक्रोसेकंद देतं, पण सुरू होताना मोटर 20 अँपिअर ओढत असेल तर 55 च उरतात. त्यामुळे मोटरसाठी कपॅसिटर चालत्या करंटवर न काढता सुरुवातीच्या करंटवर काढा, आणि त्या करंटला पुरेल असा थायरिस्टर घ्या, BT151 तिथे लहान पडतो.