अर्जावर साहेबांचं नाव माहीत नसेल तर

तासगावच्या तालुका कृषी अधिकाऱ्यांना ठिबकच्या अनुदानाबद्दल अर्ज द्यायचाय, पण खुर्चीवर सध्या कोण आहे ते ठाऊक नाही. मग नाव शोधत बसू नका, पद लिहा:

प्रति,
मा. तालुका कृषी अधिकारी,
तालुका कृषी कार्यालय, तासगाव, जि. सांगली

विषयाच्या ओळीनंतर 'महोदय / महोदया,' एवढंच. बाई असतील की बुवा, हा प्रश्न तिथंच मिटतो. माझ्या चुलत्यांनी एकदा जुन्या साहेबांचं नाव घालून अर्ज पाठवला. साहेब बदलून गेलेले, आणि टपाल खाजगी समजून पंधरा दिवस न फोडता पडून राहिलं. अर्ज पदाला असतो, बदली माणसाची होते.

नाव पक्कं माहीत असेल तर 'श्री.' किंवा 'श्रीमती' लावा आणि खाली पद लिहा. 'श्रीमती' लग्न झालेल्या, न झालेल्या, सगळ्यांना चालतं. 'सौ.' मात्र फक्त विवाहितेला, त्यामुळे अंदाजानं लिहू नका. बोलताना 'साहेब', 'मॅडम' खुशाल म्हणा. कागदावर 'मा. श्री. अमुकतमुक साहेब' अशी माळ कशाला? शेवटी सहीच्या वर 'आपला विश्वासू', अर्जदार बाई असेल तर 'आपली विश्वासू'.