संबंधित पक्षांची टीप वाचताना: वर्षअखेरची शिल्लक आणि व्याजाचा हिशेब

कर्जविभागात रुजू झालो तेव्हा वार्षिक अहवाल वाचायची माझी पद्धत ठरलेली होती. आधी नफा-तोटा, मग ताळेबंद, मग रोकड प्रवाह आणि वेळ उरलाच तर मागच्या टिपा. संबंधित पक्षांशी झालेल्या व्यवहारांची टीप अगदी शेवटाकडे असते, बारीक अक्षरात, आडव्या तक्त्यात. मी तिच्यात फक्त संचालकांचा पगार बघायचो. एकदा वरिष्ठांनी माझी फाइल चाळली आणि विचारलं, "मालकाच्या दुसऱ्या कंपनीकडे किती पैसे आहेत?" मी म्हणालो, "18 कोटी." ते म्हणाले, "ते वर्षाच्या शेवटच्या दिवशी. बाकीच्या 364 दिवसांचं काय?"

त्या प्रश्नाचं उत्तर शोधायला मला दोन दिवस लागले. खरं तर ते त्याच टिपेत होतं.

टीप भारतातल्या इंड एएस 24 किंवा आंतरराष्ट्रीय आयएएस 24 या लेखा मानकाप्रमाणे बनते आणि दोन्हींचा गाभा सारखाच आहे. आधी नाती सांगितलेली असतात: पालक कंपनी, उपकंपन्या, सहयोगी कंपन्या, प्रमुख व्यवस्थापन अधिकारी, त्यांचे जवळचे नातेवाईक आणि या माणसांच्या ताब्यातल्या इतर संस्था. आपल्याला हवा तो शेवटचा गट. त्यानंतर दोन प्रकारचे आकडे येतात. एक, वर्षभरात झालेले व्यवहार. दोन, वर्षअखेरची येणी-देणी. नवखा माणूस हे दोन तक्ते वेगवेगळे वाचतो. ते एकमेकांना जोडले की टीप बोलायला लागते.

ती फाइल आमच्याकडे कर्ज मागणाऱ्या एका कारखानदार कंपनीची होती. तिला 'अ' म्हणू आणि मालकाच्या मुलाच्या नावावरच्या कंपनीला 'ब'. 'ब'ला दिलेल्या कर्जाची गेल्या वर्षअखेरची शिल्लक 12 कोटी होती. वर्षभरात दिलेलं कर्ज 85 कोटी, परत आलेलं 79 कोटी आणि अखेरची शिल्लक 18 कोटी. बेरीज-वजाबाकी जुळते: 12 अधिक 85 उणे 79, बरोबर 18. ही जुळणी प्रत्येक नावासाठी आधी करायची. जुळली नाही तर मधे काहीतरी निर्लेखित झालंय, कर्जाचं भागभांडवलात रूपांतर झालंय किंवा रक्कम दुसऱ्या नावाखाली गेलीय, आणि ते शोधावंच लागतं.

पण जुळली म्हणून थांबायचं नाही. मी तिथेच थांबलो होतो. ताळेबंदात 18 कोटी, 'अ'चा वर्षाचा निव्वळ नफा 22 कोटी. म्हणजे रक्कम डोळ्यात भरण्याजोगी, तरी घाबरण्याजोगी नाही. वरिष्ठांनी त्याच टिपेतली दुसरी ओळ दाखवली: 'ब'कडून मिळालेलं व्याज, 4.14 कोटी. खाली अटींमध्ये व्याजदर दिला होता, 9 टक्के. सुरुवातीच्या आणि अखेरच्या शिलकीची सरासरी 15 कोटी येते आणि त्यावर 9 टक्क्यांनी व्याज व्हायला हवं 1.35 कोटी. मिळालेलं दाखवलंय तिप्पट. उलटा हिशेब केला, 4.14 भागिले 0.09, तर उत्तर आलं 46 कोटी. म्हणजे सरासरी 46 कोटी वर्षभर 'ब'कडे पडून होते, कंपनीच्या नफ्याच्या दुपटीहून जास्त. वर्ष संपताना ते आत आले, ताळेबंदाचा फोटो निघाला.

या हिशेबाला मर्यादा आहेत. व्याजदर वर्षाच्या मधे बदललेला असू शकतो किंवा मागच्या वर्षाचं थकलेलं व्याज यंदा जमेस धरलेलं असू शकतं. म्हणून मी 46 हा आकडा पुरावा मानत नाही, प्रश्न विचारायचं निमित्त मानतो. उलट बाजूही बघायची. व्याज अपेक्षेपेक्षा फारच कमी आलं तर कर्ज नावालाच व्याजी आहे. आणि टिपेत 'व्यवहार बाजारातल्या अटींवर केले आहेत' असं वाक्य असेल तर ते कशाच्या आधारावर, हे विचारायला लाजू नये. मानक सांगतं की असं वाक्य सिद्ध करता येत असेल तरच लिहावं. अनेक अहवालांत ते वर्षानुवर्षं जसंच्या तसं उतरवलेलं दिसतं.

कर्जाऐवजी मालाच्या विक्रीतूनही पैसे असेच बाहेर राहतात. तिथे व्याजाची ओळ मदतीला येत नाही, दिवस मोजावे लागतात. त्याच 'अ'ची एकूण विक्री 480 कोटी होती आणि ग्राहकांकडून येणं 92 कोटी, म्हणजे साधारण 70 दिवसांची उधारी. ठीक वाटतं. टिपेत मात्र 'क' नावाची मालकाचीच विक्री कंपनी होती: तिला विक्री 60 कोटी आणि तिच्याकडून येणं 45 कोटी. हे झाले 274 दिवस. 'क'ला बाजूला काढलं तर बाकीचे ग्राहक 41 दिवसांत पैसे देत होते. परके लोक सव्वा महिन्यात देतात, घरचे नऊ महिने देत नाहीत. अशा वेळी तो माल खरंच पुढे विकला गेला का, की 'क'च्या गोदामात पडून आहे, हा प्रश्न आपोआप येतो. शक्य असेल तर 'क'चा स्वतःचा ताळेबंद काढून तिचा साठा बघायचा.

एक चूक मी नंतरही केली. फक्त स्वतंत्र अहवालातली टीप वाचली. त्यात 'अ'ने आपल्या उपकंपनीला कर्ज दिल्याचं होतं, मला ते घरातल्या घरात वाटलं. एकत्रित अहवालाच्या टिपेत दिसलं की त्या उपकंपनीने पुढे मालकाच्या कंपनीला पैसे दिलेत. समूहातले आपापसातले व्यवहार एकत्रित अहवालात वजा होतात, पण मालकाची बाहेरची कंपनी समूहात नसल्यामुळे ती राहते. तेव्हापासून दोन्ही टिपा शेजारी ठेवतो. मालकाच्या कंपनीच्या कर्जाला दिलेली हमीही त्याच वेळी शोधतो, कारण तिची पूर्ण रक्कम ताळेबंदाच्या आकड्यांत दिसत नाही.

टीप काय सांगत नाही हेही माहीत हवं. मालकाची एखादी कंपनी असली पण वर्षभरात तिच्याशी व्यवहारच झाला नाही, तर तिचं नाव यायलाच हवं असं नाही. दोन कंपन्यांत एक संचालक समान आहे एवढ्यावरून त्या संबंधित ठरत नाहीत. आणि नाव लिहिलं नाही तरी टीप 'पूर्ण' दिसू शकते. अमेरिकेतल्या एन्रॉन या ऊर्जा कंपनीच्या 2000 सालच्या अहवालात संबंधित पक्ष म्हणून काही भागीदारी संस्था होत्या आणि त्या चालवणारा 'कंपनीचा एक वरिष्ठ अधिकारी' असल्याचं लिहिलं होतं. तो अधिकारी म्हणजे वित्तप्रमुख अँड्र्यू फॅस्टो, हे टिपेत नव्हतं. डिसेंबर 2001 मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला.

'अ'कडून आम्ही 'ब'चं खातं महिन्यागणिक मागवलं. परतफेडीच्या नोंदी वर्षाच्या शेवटच्या आठवड्यात एकवटल्या होत्या आणि नव्या वर्षाच्या पहिल्या आठवड्यात तीच रक्कम परत गेली होती. मालकांनी खेळत्या भांडवलाची तात्पुरती गरज असं कारण दिलं. कर्ज मंजूर झालं, पण अशी शिल्लक कोणत्याही दिवशी 10 कोटींच्या वर जाऊ नये या अटीवर.

पुढच्या वर्षीच्या टिपेत 'ब' नव्हती. मुलाने हिस्सा विकल्यामुळे ती आता संबंधित पक्ष नाही, असं सांगण्यात आलं. 'इतर आगाऊ रकमा' मात्र त्याच वर्षी 40 कोटींनी वाढल्या होत्या, आणि 'ब'चा नोंदणीकृत पत्ता अजून 'अ'चाच होता.