भावनांचे चेहरे शिकवताना या चुका टाळा

बालवाडीत मी भावनांचे चेहरे पहिल्यांदा शिकवले तेव्हा नेटवरून आठ गोल पिवळे चेहरे छापून आणले होते. हसरा, रडका, रागीट, घाबरलेला, चकित, लाजलेला, कंटाळलेला, आणि आठवा कुठला होता ते मलाही सांगता येईना. पोरांनी पंधरा मिनिटांत त्यांचे दोनच ढीग केले, ‘हसतोय’ आणि ‘रुसलाय’. तेव्हा मला वाटलं, पोरं लक्ष देत नाहीत. चूक कार्डांची होती.

चार-पाच वर्षांच्या मुलाला आनंद चटकन ओळखता येतो. राग आणि दुःख वेगळे करायला वेळ लागतो, आणि भीती बहुधा त्यानंतर जमते. त्यात त्या गोल चेहऱ्यांमध्ये फक्त तोंडाची रेघ बदलते. रागातही ओठ खाली, रडण्यातही ओठ खाली, मग मुलाने फरक कशावरून करायचा? कार्ड कामाचं आहे की नाही, हे बघायची सोपी युक्ती म्हणजे तोंडावर बोट ठेवून बघा. नुसत्या भुवया आणि डोळ्यांवरून भावना कळली नाही, तर ते कार्ड बाजूला काढा. मी आता चारच चेहरे ठेवते: आनंद, दुःख, राग, भीती. ते हाताने, भुवया जाड करून काढते. आधी प्रत्येकाच्या हातात छोटा आरसा देते आणि ‘आई ओरडली की भुवया कुठं जातात?’ असं विचारते. भुवया खाली, एकमेकींजवळ आल्या की राग. आतली टोकं वर गेली की दुःख. हे आरशात एकदा दिसलं की कार्डावरही दिसतं. चकित चेहरा पहिल्या महिन्यात आणूच नका. मोठ्ठे डोळे बघून निम्मी पोरं त्याला घाबरलेला म्हणतात.

‘रुसलाय’ हा शब्द मात्र पुसू नका. आपल्या पोरांकडे तो घरून आलेला असतो आणि तो चुकीचा नाही. रुसण्यात राग असतो, वाईट वाटणं असतं आणि ‘कुणीतरी समजूत काढायला यावं’ हेही असतं. मूल ‘बाई, त्यो रुसलाय’ म्हणालं की मी एवढंच विचारते, ‘त्याला मारावंसं वाटतंय का रडावंसं?’ उत्तरावरून त्याचं त्यालाच कार्ड सापडतं. तसंच ‘पोटात कसंतरी होतंय’ हे पुष्कळदा भीतीचं नाव असतं. गॅदरिंगच्या सकाळी पोट दुखणारी तीन मुलं हमखास असतात. (आधी खरंच पोट दुखत नाही ना, एवढं बघून घ्यावं.)

गोष्ट शेवटपर्यंत सांगून टाकणं

भावनांच्या गोष्टीत बहुतेक शिक्षिका एकच चूक करतात, आणि मीही करायचे. राग आला, शहाण्या आजीने समजावलं, राग गेला, सगळे हसले. यातून मूल शिकतं ते एवढंच, की राग वाईट आणि हसून दाखवलं की सुटका. आता मी ही गोष्ट सांगते.

काजळी नावाचं एक रेडकू होतं. दिवाळीच्या पाडव्याला कोल्हापुरात म्हशी सजवून मिरवतात, तशी काजळीच्या आईलाही अंघोळ घातली, शिंगं रंगवली. काजळीच्या गळ्यात नवी घुंगरमाळ आली. छुम छुम करत ती निघाली. तेवढ्यात शेजारच्या रेडकानं ओढली आणि माळ तुटली! घुंगरं रस्ताभर. काजळीचे कान ताठ झाले. पाय आपटायला लागले. डोकं गरम गरम झालं. तिला वाटलं, आता अशी ढुशी देते…

इथं मी थांबते. ‘काजळीला काय झालंय?’ पोरं कार्ड उचलतात. कुणी रागाचं उचलतं, कुणी दुःखाचं. दोन्ही बरोबर, कारण माळही तुटलीय. मग समोर तीन चित्रं ठेवते: गरम दुधावर फुंकर, माती मळणं, आईला टेकून बसणं. ‘ढुशी द्यायच्या आधी काजळीनं काय करावं?’ पोरांनी जे निवडलं ते आम्ही सगळे मिळून करतो, आणि मगच गोष्ट पुढे जाते: काजळीचे पाय आपटायचे थांबले. माळ तुटलेलीच होती. ती आईजवळ जाऊन म्हणाली, ‘मला राग आलाय. माझी माळ तोडली.’ मग दोघींनी घुंगरं वेचली. दोन सापडलीच नाहीत.

ती दोन घुंगरं मी मुद्दाम हरवते. राग कमी होणं आणि प्रश्न सुटणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे पोरांना तिथं कळतं. कृती झाल्यावर ‘आता छान वाटतंय ना?’ असं विचारू नका, पोरं माना डोलावतात. ‘राग अजून मोठा आहे का बारका झाला?’ विचारा आणि हातांनी दाखवायला सांगा.

‘मोठ्ठा श्वास घ्या’

हे सांगितलं की वर्गात काय होतं ते बघा. खांदे कानाला लागतात, छाती फुगते, श्वास कोंडला जातो आणि तोंड लाल होतं. चिडलेलं मूल यानं आणखी ताणतं. शांत व्हायला मदत होते ती सावकाश बाहेर सोडलेल्या श्वासाची. म्हणून आधी रेडकासारखं ओठ फुरफुरवून बघितलं, पण पहिल्या रांगेवर थुंकी उडाली आणि वर्ग हसत सुटला. मग भिरभिरं आणलं, तर ते जोरात फिरवायची चढाओढ लागली. शेवटी टिकलं ते गरम दूध. दोन्ही हातांची ओंजळ म्हणजे पेला. नाकानं वास घ्यायचा, दोन आकडे मोजून. मग हळू फुंकर घालायची, चार आकडे, दूध सांडू न देता. तीन वेळा, बास. जास्त केलं तर गरगरतं. फुंकर बरोबर आहे का, हे बघायला ओंजळीपुढे कागदाची पट्टी धरा. ती थरथरली पाहिजे, फडफडायला नको.

उशी बडवायला देऊ नका. राग निघून जातो असा समज आहे, पण मोठ्यांवरच्या प्रयोगांत राग आठवत बडवणाऱ्यांचा राग उलट वाढलेला दिसलाय. मातीचा गोळा हळूहळू दाबणं, वळणं निराळं. कोल्हापुरात बापट कॅम्पला कुंभारांकडे शाडू मिळते. ती ओल्या फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवली की बरेच दिवस मऊ राहते.

आता नेहमीची तक्रार: ‘वर्गात सगळं येतं, पण खरं चिडला की काही करत नाही.’ करणारच नाही. गडाबडा लोळणाऱ्या मुलापुढे कार्ड नाचवणं ही सगळ्यात मोठी चूक. तेव्हा त्याला शब्द सुचत नाहीत. मारामारी असेल तर मधे हात घाला, मग शेजारी खाली बसा, ‘राग आलाय. मी इथंच आहे’ एवढंच म्हणा आणि स्वतः फुंकर घाला, त्याला घालायला न सांगता. कार्ड नंतर, पाणी पिऊन झाल्यावर. फुंकरीचा सराव मात्र रोज, डबा उघडायच्या आधी, सगळे खुशीत असताना.

आणि शांत व्हायचा कोपरा केला असेल तर ‘जा, तिकडं जाऊन बस’ हे वाक्य तिथं वापरू नका. आमच्याकडे मी ते एकदाच वापरलं. पुढचा आठवडाभर त्या कोपऱ्यात कुणी फिरकलं नाही. मग मीच एक दिवस डबा खाताना तिथं जाऊन बसले. एक पोरगी आली, बघत उभी राहिली आणि म्हणाली, ‘बाई, तुमाला राग आलाय व्हय?’