या चुका टाळा: टासची वेळ आणि माणसाची वेळ एकाच घड्याळात मोजू नका

टास म्हणजे खास साधनांच्या मदतीने, क्षणाक्षणाची बटणं आधी ठरवून, गेम शक्य तितक्या लवकर संपवणारा रन. 'सुपर मारिओ ब्रदर्स'चा टासव्हिडिओज या साइटवरचा टास ४:५७.३१ चा आहे. हॅपीली या टोपणनावाच्या खेळाडूने तो २०११ मध्ये बनवला. २०२३ मध्ये निफ्टस्की नावाच्या खेळाडूने तोच गेम स्वतःच्या हातांनी ४:५४.६३१ मध्ये संपवला. हे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवून मला आजवर बऱ्याच जणांनी विचारलंय, "म्हणजे माणसाने टासला अडीच सेकंदांहून जास्त फरकाने हरवलं की!"

नाही हरवलं. टासच अजून पुढे आहे, फक्त सेकंदापेक्षा कमी फरकाने. गोंधळ घड्याळाचा आहे.

टासव्हिडिओजवर वेळ मोजायला सुरुवात होते ती कन्सोल चालू केल्यापासून. टायटल स्क्रीन, मग 'वर्ल्ड १-१' लिहिलेला काळा पडदा, सगळं त्यात धरलं जातं. आणि मोजणी थांबते ती शेवटचं बटण दाबलं तिथे. त्यानंतर मारिओ आपोआप पळत जाऊन गेम संपत असेल, तर तो वेळ हिशेबात नाही. हाताने खेळणाऱ्यांच्या वेळांची जी यादी असते, त्या माणसांच्या लीडरबोर्डवर मात्र १-१ मध्ये वरचं घड्याळ दिसू लागलं की वेळ सुरू होते आणि ८-४ मध्ये मारिओचा कुऱ्हाडीला स्पर्श झाला की थांबते. म्हणजे सुरुवातही वेगळी, शेवटही वेगळा. तुलना करायचीच असेल तर टासचा व्हिडिओ घ्या, घड्याळ दिसल्यापासून कुऱ्हाडीपर्यंतच्या फ्रेम मोजा आणि ६०.०९८८ ने भागा. अमेरिकन निन्टेन्डो सेकंदाला तेवढ्या फ्रेम दाखवतो, पूर्ण ६० नव्हे. पाच मिनिटांच्या रनमध्ये ६० धरून भागलं, तर उत्तर जवळजवळ अर्ध्या सेकंदाने चुकतं.

दुसरी चूक याच्याही आधीची आहे: टास म्हणजे गेम खेळणारा रोबो किंवा गेममध्ये केलेली फेरफार असं समजणं. टास ही बटणांची यादी असते, बाकी काही नाही. `FCEUX` या एम्युलेटरची, म्हणजे संगणकावर कन्सोलची नक्कल करणाऱ्या प्रोग्रामची, `.fm2` फाइल नोटपॅडमध्ये उघडली तर असं दिसतं:

```
|0|....T...|........||
|0|........|........||
|0|R.....B.|........||
|0|R.....BA|........||
```

एक ओळ म्हणजे एक फ्रेम. आठ जागा `RLDUTSBA` या क्रमाने: उजवं, डावं, खालचं, वरचं, स्टार्ट, सिलेक्ट, बी, ए. वरच्या नमुन्यात आधी स्टार्ट दाबलंय, मग एक फ्रेम रिकामी, मग उजवीकडे पळणं, मग पळता पळता उडी. हॅपीलीच्या टासमध्ये अशा १७,८६८ फ्रेम आहेत. गेमच्या कोडला हात लावलेला नाही, मारिओचा वेग वाढवलेला नाही. ही यादी बनवताना मात्र माणूस गेम एकेक फ्रेम पुढे ढकलतो, सेव्हस्टेट टाकतो, म्हणजे गेमची त्या क्षणाची स्थिती साठवून ठेवतो, फसलं की मागे येतो, मेमरीतले आकडे बघतो. हे मागे येणं हजारो वेळा होतं आणि त्याची मोजणी फाइलमध्येच `rerecordCount` म्हणून लिहिलेली असते.

मग ही फसवणूक का नाही? कारण टास करणारा 'मी हे खेळलो' असं म्हणतच नाही. २००३ मध्ये मोरिमोतो या जपानी खेळाडूचा 'सुपर मारिओ ब्रदर्स ३'चा सुमारे ११ मिनिटांचा व्हिडिओ नेटवर फिरला, तेव्हा तो कसा बनवलाय हे पाहणाऱ्यांपैकी अनेकांना ठाऊकच नव्हतं. लोक आधी थक्क झाले आणि खरं कळल्यावर चिडले. त्याच वर्षी बिस्क्विट या टोपणनावाच्या माणसाने साइट सुरू केली, जी पुढे टासव्हिडिओज झाली. तिथे हे साधनांनी बनवलेलं आहे हे उघडच असतं. तीच फाइल कुणी माणसांच्या लीडरबोर्डवर 'माझा रन' म्हणून दिली, तर ती फसवणूकच. माणसांच्या नियमांत सेव्हस्टेट, गेमचा वेग कमी करणं, आपोआप भराभर दाबलं जाणारं टर्बो बटण हे सगळं रनमध्ये बाद आहे. सरावात खुशाल वापरा.

नियमांतला सगळ्यात मजेशीर फरक डावं आणि उजवं बटण एकदम दाबण्याचा आहे. खऱ्या निन्टेन्डो कंट्रोलरची चार दिशांची फुली एकसंध असते, त्यामुळे दोन्ही बाजू एकदम दाबणं जवळजवळ अशक्य. कीबोर्डवर मात्र सहज जमतं, आणि मारिओ लिहिणाऱ्यांनी तसं कुणी करेल हे धरलेलंच नव्हतं. त्यातून मारिओच्या वेगाचे विचित्र प्रकार होतात. टासमध्ये हे चालतं, कारण कंट्रोलरमधून कन्सोलपर्यंत फक्त आठ बिट जातात आणि त्यातला कुठलाही संच कन्सोल स्वीकारतो. माणसांच्या मारिओ लीडरबोर्डवर ते बाद आहे. म्हणून एखाद्या टासची माणसाशी तुलना करण्यापूर्वी त्यात `RL` एकत्र दाबलेले आहेत का ते बघा. नसतील तर तो टास 'माणसाला तत्त्वतः किती जमेल' हे सांगतो, असतील तर 'गेमकडून किती काढता येईल' हे.

आता स्वतः टास करायला बसणाऱ्यांचं दुखणं. १-१ मध्ये एक उडी सुधारून आठ फ्रेम वाचवल्या, पण १-२ सुरू व्हायची वेळ तसूभर बदलली नाही. एम्युलेटर बिघडलाय का? नाही. ८-४ सोडून या गेममधली प्रत्येक लेव्हल संपल्यावर पुढची कधी सुरू करायची हे २१ फ्रेमच्या एका मोजणीवर ठरतं. `FCEUX` मधल्या, मेमरीतले आकडे दाखवणाऱ्या रॅम वॉचमध्ये `077F` हा पत्ता टाका. तिथला आकडा २० पासून शून्यापर्यंत उतरतो आणि पुन्हा २० होतो. लेव्हल संपवून तुम्ही कधीही पोहोचा, दार उघडणार ते या मोजणीच्या ठोक्यालाच.

समजा, सुधारणेआधी तुम्ही पोहोचल्यावर ठोक्याला ६ फ्रेम बाकी होत्या. आठ वाचवल्या, आता १४ फ्रेम थांबावं लागतं. फायदा शून्य. आधीचा ठोका गाठायचा तर १५ फ्रेम वाचवायला हव्यात, आणि त्या वाचल्या की एकदम २१, म्हणजे सुमारे ०.३५ सेकंद, पदरात पडतात. त्यामुळे आधी `077F` बघून किती फ्रेम कमी पडतायत ते काढा, मग उडीच्या मागे लागा. मी पहिल्यांदा हे न बघता १-१ वर आठवडाभर घासत बसलो होतो. तो आठवडा असाच गेला. ८-४ मध्ये मात्र एकेक फ्रेम खरी, कारण तिथे पुढची लेव्हलच नाही.

त्याहून जिव्हारी लागणारी गोष्ट म्हणजे काम पुसलं जाणं. `FCEUX` मध्ये मूव्ही 'रीड-ओन्ली' असताना सेव्हस्टेट लोड केली तर ती नुसती तिथून पुढे चालते. 'रीड-ओन्ली' बंद असताना लोड केली तर त्या जागेनंतरची यादी जाते आणि तिथून नवीन लिहायला सुरुवात होते. मी एका रात्री ४-२ पर्यंत आलो होतो आणि आधीचं काही बघायचं म्हणून १-२ मधली स्टेट लोड केली. बंद काय, चालू काय, पाहिलंच नाही. पुढचं सगळं गेलं. तेव्हापासून प्रत्येक लेव्हल झाली की `.fm2` ची वेगळ्या नावाने प्रत ठेवतो, आणि बघायचं असेल तेव्हा आधी 'रीड-ओन्ली' लावतो.

दुसऱ्याची फाइल चालवताना मारिओ पहिल्याच खड्ड्यात उडी घेत असेल, तर तो डीसिंक, म्हणजे यादी आणि गेम यांचा ताळमेळ सुटणं. यादी आंधळी असते. एक फ्रेम सरकली की पुढची प्रत्येक उडी चुकीच्या जागी. फाइलच्या वरच्या ओळी वाचा. `romChecksum` तुमच्या रॉमशी, म्हणजे गेमच्या फाइलशी, जुळत नसेल तर गेमची आवृत्तीच वेगळी आहे. `palFlag` आणि `NewPPU` हेही तपासा. आपल्याकडे नव्वदीत '९९९९९९ इन १' च्या पिवळ्या कॅसेटवर जो मारिओ खेळला, त्या कॅसेटमधला गेम मूळ आवृत्तीच असेल याची खात्री नाही, आणि आपले टीव्ही पाल पद्धतीचे, ५० हर्ट्झचे होते. त्या आठवणीवरच्या वेळा कुठल्याही टासशी लावून बघू नका. मारिओ कुठल्या क्षणी चुकतो हेही बघण्यासारखं असतं. सुरुवातीलाच चुकला तर रॉम किंवा सेटिंग. बराच वेळ नीट चालून मग चुकला तर बहुधा एम्युलेटरची आवृत्ती वेगळी आहे, किंवा कन्सोलवर चालवत असाल तर एखादी फ्रेम रखडून सगळं एका घराने सरकलंय.

शेवटचा घोळ हेतूचा. टासमधली युक्ती पाहून 'हे माणसाला काय उपयोगाचं' म्हणणारे आणि तीच युक्ती दुसऱ्या दिवशी रनमध्ये घालून दोनशे रन वाया घालवणारे, दोघेही घाई करतात. झेंड्याच्या खांबाशी ठोकळ्यात शिरून झेंडा खाली येण्याचा वेळ वाचवणं ही मारिओतली युक्ती बरीच वर्षं टासपुरतीच होती. मग खेळाडूंनी तिथवर पोहोचण्याची ठराविक पावलं शोधली, कुठे थांबायचं आणि कुठून उडी मारायची हे पक्कं केलं, आणि आज वरच्या फळीतल्या रनमध्ये ती असते. टासने दार दाखवलं, किल्ली बनवायला माणसं लागली.

'सुपर मारिओ वर्ल्ड'मध्ये हे आणखी टोकाला गेलं. जानेवारी २०१४ मध्ये 'ऑसम गेम्स डन क्विक' या वेगाने गेम खेळण्याच्या कार्यक्रमाच्या मंचावर टासबॉट या यंत्राने खऱ्या कन्सोलला बटणांची यादी इतक्या वेगाने भरवली की चालू गेमच्या मेमरीत नवीन प्रोग्राम लिहिला गेला आणि पडद्यावर पाँग आणि साप खेळता येऊ लागला. तिथे वेळ किती लागला याला अर्थच नव्हता. दोन वर्षांनी, २०१६ मध्ये, सेथब्लिंग या खेळाडूने त्याच गेममध्ये मारिओला योग्य पिक्सेलवर उभं करत करत, कुठल्याही यंत्राशिवाय, हाताने 'फ्लॅपी बर्ड'चा कोड घातला आणि खेळून दाखवला.