कबऱ्या मांजरीच्या अंगावरचे झोपलेले एक्स गुणसूत्र कसे ओळखावे

सूक्ष्मदर्शक लागत नाही. गल्लीतली एक कबरी मांजर आणि थोडी सवड पुरे.

१. काळे आणि केशरी असे दोन्ही रंग अंगावर असलेली मांजर शोधा. तपकिरी पट्ट्यांच्या मांजरीचे सोनेरी केस केशरी समजू नका. इथे पुष्कळांची फसगत होते. केशरी ठिपका काळ्यापासून स्पष्ट वेगळा दिसायला हवा.

२. पांढरा रंग सध्या बाजूला ठेवा. तो एक्सवरच्या जनुकाने येत नाही. तिथे रंगपेशीच पोचलेल्या नसतात.

३. आता एक केशरी आणि एक काळा ठिपका निवडा. या भाटीकडे दोन एक्स आहेत: एकावर रंगाच्या जनुकाचे केशरी रंग आणणारे रूप, दुसऱ्यावर ते नाही. ती गर्भात अगदी लहान असताना प्रत्येक पेशीने दोनपैकी एक एक्स बंद केले. कोणते, ते नशिबावर. बंद व्हायच्या गुणसूत्रावरचे एक्सआयएसटी नावाचे जनुक आरएनए तयार करते, तो त्याच गुणसूत्राला वेढतो आणि मग ते घट्ट गुंडाळले जाते. डीएनएमधले एक अक्षरही बदलत नाही, पण त्या पेशीच्या लेकी-नातींमध्ये तेच एक्स बंद राहते. तुमच्यासमोरचा ठिपका म्हणजे अशीच वंशावळ: काळ्या ठिपक्यात केशरीवाले एक्स झोपलेले, केशरी ठिपक्यात दुसरे. जनुकशास्त्रज्ञ मेरी लायन यांनी १९६१ साली ही कल्पना मांडली, ती उंदरांच्या रंगावरून.

४. कागदावर पडताळून पाहा. केशरी बोका आणि काळी भाटी यांची पिल्ले घ्या. बोक्याचे एकमेव एक्स सगळ्या मुलींना जाते, म्हणून मुली काळ्या-केशरी. मुलग्यांना एक्स फक्त आईकडून, म्हणून ते काळे. एखादा बोका कबरा निघाला, तर बहुधा त्याच्याकडे दोन एक्स आणि एक वाय असते, आणि तो सहसा वांझ असतो.

५. ठिपक्यांचा आकारही बघा. पांढरे जास्त तिथे काळे-केशरी ठिपके मोठे आणि सुटे. पांढरे नाही तिथे दोन्ही रंग एकमेकांत मिसळलेले. रंगपेशींचे पूर्वज थोडेच असले की एकेकाची संतती मोठा भाग व्यापते. ठिपक्यांच्या क्षेत्रफळावरून मात्र शरीरातल्या इतर पेशींचा हिशेब मांडू नका; यकृतात प्रमाण वेगळे असू शकते.

टेक्सासमध्ये २००१ च्या डिसेंबरात रेनबो नावाच्या कबऱ्या मांजरीच्या एका पेशीपासून सीसी ही क्लोन मांजर जन्मली. डीएनए तोच, तरी सीसीच्या अंगावर केशरी रंगाचा मागमूस नव्हता. दिला जाणारा खुलासा असा: त्या पेशीत केशरीवाले एक्स आधीच बंद होते, आणि क्लोन करताना ते पुन्हा उघडले नाही.