भाषांतरित संवाद बोलका कसा करावा: एका प्रसंगाच्या चार ओळी

सबटायटलचा किंवा डबिंगचा कच्चा मसुदा बहुतेक वेळा चुकीचा नसतो. तो फक्त कुणाच्या तोंडचा वाटत नाही. थोरली बहीण आणि धाकटा भाऊ स्वयंपाकघरात उभे आहेत, त्याने घर परस्पर विकलंय, आणि मसुदा असा आलाय:

— तू मला याबद्दल आधी का सांगितले नाहीस?
— मी तुला सांगणार होतो, पण मला योग्य वेळ मिळाली नाही.
— मला विश्वास बसत नाही की तू वडिलांचे घर विकलेस, माझ्याशी चर्चा न करता.
— मला माफ कर. मला खरोखर वाईट वाटत आहे.

आधी नाती ठरवा. मूळ भाषेत भाऊ बहिणीला नावाने हाक मारत असेल, पण मराठीत ती ताई होणार. ‘ताई, तू’ की ‘ताई, तुम्ही’ हेही आत्ताच ठरवून कागदावर लिहून ठेवा. नाहीतर तिसऱ्या प्रसंगात ‘तू’ म्हणणारा भाऊ सातव्यात ‘तुम्ही’ म्हणू लागतो. दोन भाषांतरकारांनी काम वाटून घेतलं की हे हमखास होतं.

मग मूळ ओळ झाका आणि मसुदा मोठ्याने वाचा. जीभ अडखळेल तिथे खूण करा. ‘सांगितले’, ‘विकलेस’, ‘वाटत आहे’ ही लेखी रूपं लगेच सापडतात. त्यांचं सांगितलं, विकलंस, वाटतंय करणं सोपं आहे. बरेच जण इथेच थांबतात, आणि ओळ तरीही भाषांतरितच वाटते.

खरं काम पुढे आहे: ओळ काय म्हणते ते सोडा, ती काय करते ते बघा. पहिली ओळ प्रश्न दिसते, पण ताईला उत्तर नकोय, ती टोचतेय. दुसऱ्या ओळीत भाऊ वेळ मारून नेतोय. चौथीत तो शरण येतोय. आता त्या त्या वेळी आपण काय बोलतो ते लिहा:

— आधी नाही सांगावंसं वाटलं?
— सांगणारच होतो गं ताई. राहून गेलं.
— बाबांचं घर विकलंस? मला न विचारता?
— चुकलं माझं.

‘मी’, ‘तू’, ‘मला’ किती गळाले बघा. ‘सांगणारच होतो’मध्ये ‘मी’ क्रियापदातच आहे. ‘राहून गेलं’मध्ये तर करणाराच गायब आहे, जबाबदारी झटकणाऱ्याला हवी तशी वाक्यरचना! आणि ‘मला विश्वास बसत नाही की’ हा तुकडा शब्दात आणायची गरजच नाही, तो प्रश्नाच्या सुरात येतो. तेरा शब्दांचे सहा झाले.

शब्दक्रमही तपासा. लिहिताना आपण क्रियापद शेवटी ठेवतो, बोलताना ते पुढे येतं आणि बाकीचं मागून लटकतं: ‘आलास का जाऊन?’, ‘सांगितलं कुणी तुला?’ ‘माझं चुकलं’ आणि ‘चुकलं माझं’ यांतलं दुसरं जास्त हरलेलं वाटतं. मात्र प्रत्येक ओळ अशी उलटी केली की तो ढंग वाटू लागतो. ना, की, बरं, हं यांचंही तेच. कोर्टातला वकील पुस्तकी बोलत असेल, तर त्याला तसंच बोलू द्या.

शेवटी ओळ पडद्यावर बसवा. इथे सबटायटल आणि डबिंगच्या वाटा वेगळ्या होतात. सबटायटल वाचायचं असतं, आणि एका वेळी जास्तीत जास्त दोन ओळी दिसतात. सूर मूळ आवाजातून कानावर पडतच असतो. त्यामुळे ‘गं’सारखे शब्द आधी काढा: ‘सांगणारच होतो. राहून गेलं.’ डबिंगमध्ये मूळ आवाज नाही, तिथे हेच ‘गं’ आपुलकी आणतं आणि तोंड हलत राहतं तेवढी जागाही भरतं.

डबिंगमध्ये चेहरा जवळून दिसत असेल, तर ओठ कुठे मिटतात ते आवाज बंद करून बघा. प, फ, ब, भ, म म्हणताना ओठ मिटतात. समजा, ताईच्या तिसऱ्या ओळीत ओठ फक्त शेवटाकडे, एकदाच मिटतायत. ‘बाबांचं’ सुरुवातीलाच दोनदा ओठ मिटवतं, आणि ‘मला’ मधेच पुन्हा एकदा. त्याऐवजी ‘घर विकलंस? आपलं?’ घ्या. ‘आपलं’मधला ‘प’ बरोबर जागी पडतो, आणि त्या घरावर तिचाही हक्क होता हे एका शब्दात येतं. ‘मला न विचारता’ गेलं, पण तिची तक्रार ‘आपलं’मध्ये उरली. बाबांचा उल्लेख आधीच्या संवादात आला असेल तरच हा बदल करा. नसेल, तर ‘बाबांचं’ ठेवा आणि ओठांची थोडी गफलत पत्करा, कारण घर कुणाचं हेच कळलं नाही तर पुढचं भांडण निरर्थक ठरतं.

झालं की दोघांना भूमिका वाटून प्रसंग वाचायला द्या, मसुदा न दाखवता. वाचणाऱ्याने नकळत एखादा शब्द बदलून म्हटला, तर त्याला थांबवू नका. त्याने म्हटलेला शब्द लिहून घ्या.